हयातीचा दाखला आणि काउंटरवरच्या त्या मॅडम

आज आईला घेऊन बँकेत जाऊन आले. सकाळपासून पोटात गोळा होता कारण नोव्हेंबर म्हटलं की पेन्शन चालू राहायला दरवर्षी द्यायचा हयातीचा दाखला, आणि मागच्या वर्षी त्याच दाखल्याने आम्हाला फार रडवलं होतं. म्हणून आज जे झालं ते झोपायच्या आधी लिहून ठेवते, आणि उद्या बँकेत द्यायचं पत्रही यातूनच करते.

मागच्या वर्षी मी एका ऑनलाईन फॉर्म भरणाऱ्या सेंटरवर आईचा दाखला काढला होता. अंगठा लागला, प्रिंट मिळाली, आम्ही खूश होऊन घरी. डिसेंबरची पेन्शन जमाच झाली नाही. मला वाटलं उशीर झाला असेल. जानेवारीत पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं की पेन्शन थांबली आहे, दाखला रिजेक्ट झालाय. आईची पेन्शन ही बाबांच्या मागे मिळणारी फॅमिली पेन्शन, आणि फॉर्ममध्ये पेन्शनचा प्रकार भरला होता सर्व्हिस, म्हणजे जणू आईच नोकरीतून रिटायर झाली. वर मोबाईल नंबर त्या माणसाने स्वतःचाच टाकलेला, त्यामुळे मेसेज आला असेल तर तो त्याला आला, आम्हाला काही पत्ताच नाही. पुन्हा दाखला दिल्यावर मागचे पैसे मिळाले सगळे, पण ते दोन महिने आई रोज विचारायची, मी जिवंत आहे हे त्यांना पटत का नाही गं. ते ऐकून मला काय व्हायचं ते मलाच माहीत.

तर आज. पेन्शनच्या काउंटरवर एक मॅडम होत्या, पस्तिशीच्या असतील. रांग मोठी, सगळे सत्तरीच्या पुढचे. आईचा नंबर आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं तर शिपाईकाकांना सांगून खुर्ची काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवायला लावली, म्हणजे आईला स्क्रीन दिसेल अशी. मग म्हणाल्या, "आजी, मी एकेक गोष्ट वाचते, तुम्ही फक्त बरोबर की चूक सांगा." पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या ऑर्डरची, झेरॉक्स घेतली आणि नंबर तीन-तीन आकडे करून मोठ्याने वाचला, खाते नंबर पासबुकावरून तसाच. पेन्शन कोण मंजूर करतं, कुठल्या बँकेतून येते, पेन्शनचा प्रकार फॅमिली, पुन्हा लग्न केलंय का. या शेवटच्या प्रश्नाला आई लाजून हसली तर मॅडम म्हणाल्या, "आजी, फॅमिली पेन्शनला हे विचारावंच लागतं, रागावू नका." मोबाईल नंबर माझा घातला आणि मला फोन हातात धरून ठेवायला सांगितला.

मग खरी परीक्षा, बोटं. आईचं वय ७८, आयुष्यभर भांडी-धुणी करून बोटांच्या रेषा जवळजवळ पुसल्यात, त्यात थंडीने कातडी कोरडी. उजवा अंगठा नाही, तर्जनी नाही, डावा अंगठा नाही. मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली आणि आई घाबरली, हात थरथरायला लागला, आणि हात थरथरला की स्कॅनर अजूनच घेत नाही. मॅडमनी मशीनची काच रुमालाने पुसली, आईला हात कोमट पाण्याने धुवून नीट कोरडे करून यायला सांगितलं आणि तोवर पुढच्या आजोबांचं काम घेतलं, म्हणजे रांगही थांबली नाही आणि आईलाही कोणी बघत बसलं नाही. परत आल्यावर मधलं बोट लावून पाहिलं, तेही नाही. तर शांतपणे म्हणाल्या, "काही हरकत नाही, चेहऱ्याने करू. तेही नाही झालं तर कागदी फॉर्मवर तुमची सही घेते, आमचे अधिकारी समोर पाहून सही करतील, तोही चालतो. आज तुम्ही दाखला दिल्याशिवाय घरी जाणार नाही." हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर आईचे खांदे खाली आले, मी बघत होते.

चेहऱ्याने करायचं म्हणजे मोबाईलवर आधारचं फेस ऑथेंटिकेशन. पहिल्या दोन वेळा फेल. कारण काय तर आई फोटोला बसल्यासारखी ताठ बसून डोळे टक्क उघडे ठेवत होती आणि ते ॲप समोर खरं माणूस आहे हे पापणी हलली की ओळखतं. मागे खिडकी होती त्यामुळे चेहऱ्यावर अंधार येत होता तेही मॅडमच्याच लक्षात आलं, खुर्ची फिरवली, चष्मा काढायला लावला आणि म्हणाल्या, "आजी, माझ्याकडे बघून हळूच पापण्या मिटा आणि उघडा." झालं. माझ्या मोबाईलवर प्रमाण आयडीचा, म्हणजे या दाखल्याच्या नंबरचा, मेसेज आला.

मी उठायला लागले तर त्यांनी थांबवलं. दाखला तयार झाला म्हणजे स्वीकारला असं नाही, हे आमचं मागच्या वर्षीचं दुखणं त्यांनी मी न सांगताच सांगितलं. तीन-चार दिवसांनी जीवन प्रमाण या हयातीच्या दाखल्याच्या सरकारी साईटवर हा आयडी टाकून दाखला उघडायचा आणि तो मंजूर झालाय का ते पाहायचं, रिजेक्ट दिसला तर कारणासकट त्यांच्याकडे यायचं, महिना संपायच्या आत. आणि हा आयडी पुढच्या वर्षी चालत नाही, नवीन काढावा लागतो. हे सगळं त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आईसाठी, मला नव्हे. ही एक गोष्ट कोणी आम्हाला आधी सांगितली असती ना तर ते दोन महिने गेले नसते.

निघताना पाहिलं, ते मगाशी मध्ये घेतलेले आजोबा अजून तिथेच बाजूला बसलेले. पक्षाघाताने त्यांची सही जुन्या सहीशी जुळत नव्हती, पैसे काढायचे होते. मॅडमनी त्यांना परत पाठवलं नाही. विड्रॉल फॉर्मवर अंगठा घेतला आणि दोन साक्षीदार लागतात म्हणून एका बँक अधिकाऱ्यांना उठवून आणलं, दुसरे बँकेच्या ओळखीचे एक खातेदार. आजोबा म्हणाले, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास," तर मॅडम म्हणाल्या, "तुमचेच पैसे आहेत हो आजोबा."

बँकेत द्यायचं पत्र असं लिहिलंय:

मा. शाखा व्यवस्थापक, आज पेन्शन काउंटरवरच्या मॅडमनी माझ्या ७८ वर्षांच्या आईचा हयातीचा दाखला घेताना प्रत्येक रकाना वाचून दाखवला, बोटं लागत नसताना चार वेळा न चिडता प्रयत्न केले, चेहऱ्याने होईपर्यंत सोबत बसल्या आणि पुढे काय तपासायचं ते लिहून दिलं. त्यांचे मनापासून आभार. ही नोंद त्यांच्या कामाच्या फाईलला लावावी ही विनंती.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली खाली माझंही लिही, "मला आजी म्हणून बोलवलं आणि घाई केली नाही." मग स्वतः सही केली, तिरकी झाली, दुसऱ्या कागदावर परत करू म्हणत होती, पण मी तोच कागद पाकिटात घातला.