आलेखाखालच्या चार ओळी

चवथीला दहा दिवस असताना आमच्या गावच्या वाचनालयाच्या मंडळींनी माझ्यावर एक काम सोपवले. प्रदर्शनातल्या एका फलकावर गोव्याच्या लोकसंख्येचा रेषालेख लागणार होता आणि त्याखाली चार ओळींचा मजकूर हवा होता. मी डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. आलेखाचा कागद हातात घेतला, वर चढत गेलेली रेषा पाहिली आणि तिथल्या तिथे लिहून दिले: ‘मुक्तीनंतर गोव्याची लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि आजही ती झपाट्याने वाढतच आहे. बाहेरून आलेल्या लोकांमुळे ही वाढ झाली, हे आलेखावरून स्पष्ट होते.’

चवथीसाठी दादा-वहिनी घरी आली होती. वहिनी फोंड्याला उच्च माध्यमिक विद्यालयात संख्याशास्त्र शिकवतात. नेवऱ्यांचे सारण ढवळता ढवळता त्यांनी कागद वाचला आणि विचारले, “भावजी, झपाट्याने म्हणजे किती?”

मी रेषेकडे बोट दाखवले. रेषा तशी उभीच चढत होती. तेव्हा त्यांनी मला रेषा सोडून डावीकडचा अक्ष वाचायला लावला. आलेख काढणाऱ्या मुलाने कागद भरलेला दिसावा म्हणून अक्ष शून्यापासून न धरता पाच लाखांपासून धरला होता. त्यामुळे १९६० चा बिंदू तळाला टेकल्यासारखा होता आणि २०११ चा पार माथ्यावर. तळापासूनची उंची मोजली तर दुसरा बिंदू पहिल्याच्या दहापटीहून वर भरत होता. आकडे मात्र असे होते: १९६० साली ५,८९,९९७ आणि २०११ साली १४,५८,५४५. भागाकार केला तर अडीचपटीला थोडे कमी. वहिनींचे म्हणणे असे की रेषालेखाचा अक्ष शून्यापासून नसला तरी चालतो, बारकावे दाखवायला कधी कधी तसेच करावे लागते. पण मग ‘किती पट’ हे डोळ्याने ठरवायचे नाही, आकड्यांनीच ठरवायचे. तेव्हापासून मी कुठलाही आलेख समोर आला की आधी दोन्ही अक्षांवरचे पहिले आणि शेवटचे आकडे वाचतो, रेषा त्यानंतर.

मग आम्ही आलेखावरचे सगळे बिंदू कागदावर उतरवून घेतले.

१९६० – ५,८९,९९७
१९७१ – ७,९५,१२०
१९८१ – १०,०७,७४९
१९९१ – ११,६९,७९३
२००१ – १३,४७,६६८
२०११ – १४,५८,५४५

पहिला आकडा पोर्तुगीज राजवटीतल्या जनगणनेचा आहे, बाकीचे भारताच्या जनगणनांचे. म्हणून पहिले अंतर दहा वर्षांहून थोडे जास्त आहे, हेही वहिनींनी समासात लिहून ठेवले.

दिशा सांगणे सोपे होते. प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूपेक्षा वर आहे, एकदाही रेषा खाली आलेली नाही. खरा पेच पडला तो किती वाढ झाली हे सांगताना. मी वजाबाक्या केल्या. १९६० ते १९७१ मध्ये सुमारे २ लाख ५ हजार माणसे वाढली, पुढच्या दहा वर्षांत २ लाख १३ हजार. म्हणजे वाढ आणखी वाढली, असे मी म्हणालो. वहिनींनी त्याच आकड्यांची टक्केवारी काढली: पहिल्या काळात ३४.८ टक्के, दुसऱ्यात २६.७ टक्के. म्हणजे वाढ कमी झाली!

मी दोन-तीनदा गणित तपासले. दोन्ही बरोबर होते. १९७१ पर्यंत पायाच मोठा झाला होता, म्हणून जवळपास तेवढीच माणसे वाढूनही टक्का उतरला. पुढेही तसेच. १९८१ ते १९९१ मध्ये १ लाख ६२ हजारांची भर, १९९१ ते २००१ मध्ये १ लाख ७८ हजारांची. माणसे जास्त, पण टक्का १६.१ वरून १५.२ वर. शेवटच्या दशकात मात्र दोन्ही मापे खाली आली, १ लाख ११ हजार माणसे आणि ८.२ टक्के.

या ठिकाणी आम्ही बराच वेळ थांबलो, कारण माझ्या ‘झपाट्याने’ या एका शब्दात ही दोन्ही मापे एकमेकांत मिसळली होती. साध्या अक्षावर काढलेल्या रेषेचा चढ दर वर्षी किती माणसे वाढली ते दाखवतो. टक्केवारी त्या चढात दिसत नाही, ती वेगळी काढावी लागते. म्हणून ‘वाढीचा वेग मंदावला’ असे लिहायचे असेल तर कोणता वेग, हे त्याच वाक्यात आले पाहिजे. टक्केवारीने पाहिले तर तो दर जनगणनेला मंदावला आहे. माणसांच्या संख्येने पाहिले तर तो मध्ये थोडा चढला, उतरला, पुन्हा चढला आणि शेवटी बराच उतरला. शाळेत मी मुलांना विशेषणे जपून वापरा असे सांगतो, पण क्रियाविशेषणही एवढा घोटाळा करू शकते हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा उमगले.

‘आजही वाढतच आहे’ हे लगेच गेले. शेवटचा बिंदू २०११ चा. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झालीच नाही. वाक्यातला काळ रेषेबरोबर संपला पाहिजे, तिच्या पुढे जाता कामा नये. रेषा अशीच पुढे ओढली तर कुठे जाईल असा मोह होतो खरा, पण कोणता चढ धरून ओढायची? पहिल्या वीस वर्षांचा धरला तर एक उत्तर येते, शेवटच्या दहांचा धरला तर अगदी वेगळे.

‘मुक्तीनंतर’ या शब्दासाठी मात्र मी भांडलो. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पहिला बिंदू त्याच्या आधीचा आणि दुसरा नंतरचा. हे खोटे कसे? वहिनी म्हणाल्या, “खोटं नाही. पण या दोन बिंदूंच्या मध्ये काय झालं ते आलेखाला माहीतच नाही. ती सरळ रेघ त्या मुलानं पट्टीनं ओढलीय.” वाढ १९६२ मध्ये सुरू झाली, १९६७ मध्ये झाली की सारखी होत राहिली, हे मोजलेलेच नाही. शिवाय आलेख १९६० पासूनच सुरू होत असल्याने त्याआधी रेषा कशी होती हेही त्यात नव्हते. ‘नंतर वाढली’ असे म्हणायला आधीचे काही समोर हवे ना?

म्हणून आम्ही एक बिंदू मागे गेलो. पोर्तुगीजांच्या १९५० च्या जनगणनेत ५,४७,४४८ लोक नोंदले गेले होते. म्हणजे १९५० ते १९६० मध्ये साडेबेचाळीस हजारांची भर, ७.८ टक्के. त्यापुढच्या अंतरात २ लाख ५ हजार, ३४.८ टक्के. हा बिंदू घेतल्यावर रेषेला १९६० पाशी स्पष्ट वळण आले. आता ‘१९६० नंतरच्या दशकात वाढ आधीच्या दशकाच्या साधारण पाचपट होती’ असे मला आकड्यांच्या आधाराने लिहिता येत होते. माझ्या मनातली गोष्ट पूर्वीपेक्षा जास्त ठाम झाली, आणि ती ठाम झाली ती बिंदू वाढवल्याने, शब्द वाढवल्याने नव्हे. त्या मुलाला सांगून आलेख १९५० पासून काढून घेतला.

बाहेरून आलेल्या लोकांचे काय? लोक कामासाठी आले, हे आमच्या गावातही मी पाहिले आहे. पण एकूण लोकसंख्या चार गोष्टींनी हलते: जन्म, मृत्यू, येणारे आणि जाणारे. या आलेखात चौघांची बेरीज-वजाबाकी होऊन एकच रेषा उरली आहे. त्यातला येणाऱ्यांचा वाटा वेगळा काढायचा तर स्थलांतराचे तक्ते वेगळे पाहावे लागतात. कारण खरे असू शकते, तरी ते ‘आलेखावरून स्पष्ट होते’ असे लिहिणे चूक होते. ते वाक्य मी स्वतःच खोडले.

फलकावर शेवटी हे गेले:

‘१९५० ते २०११ या काळात झालेल्या प्रत्येक जनगणनेत गोव्याची लोकसंख्या आधीच्या जनगणनेपेक्षा जास्त आढळली. ती सुमारे ५.४७ लाखांवरून १४.५९ लाखांवर गेली. सर्वात मोठी टक्केवारीची वाढ १९६० ते १९७१ मध्ये झाली, सुमारे ३५ टक्के. त्यानंतर ही टक्केवारी दर जनगणनेला उतरत गेली आणि २००१ ते २०११ मध्ये सुमारे ८ टक्क्यांवर आली.’

दुसऱ्या फलकाचा मजकूर वहिनींनी मला एकट्याने लिहायला दिला. तो दर हजार पुरुषांमागे स्त्रियांच्या संख्येचा आलेख होता: १९६० ला १०६६, १९७१ ला ९८१, मग ९७५, ९६७, ९६१ आणि २०११ ला ९७३. इथे अक्ष ९४० पासून होता, त्यामुळे पहिली घसरण कड्यावरून पडल्यासारखी दिसत होती. ८५ ने घट, म्हणजे मूळच्या आकड्याच्या आठ टक्के. ‘कोसळले’ हा शब्द लेखणीपर्यंत आला होता, तो मी लिहिला नाही. मी लिहिले: ‘१९६० ते १९७१ दरम्यान हे प्रमाण १०६६ वरून ९८१ वर आले. पुढची तीस वर्षे ते दर जनगणनेला सहा ते आठने उतरत २००१ मध्ये ९६१ झाले. २०११ मध्ये ते बाराने वाढून ९७३ नोंदले गेले.’

‘आता प्रमाण सुधारू लागले आहे’ असे शेवटी हवे, असा वाचनालयातल्या एका ज्येष्ठांचा आग्रह होता. मी त्यांना तो शेवटचा एकच बिंदू दाखवला. चार वेळा खाली आलेली रेषा एकदा वर गेली आहे. ती वळली की नुसती हलली, हे पुढचा बिंदू येईपर्यंत कळणार नाही. त्यांना ते पूर्ण पटले नाही, पण फलकावर वाक्य ‘नोंदले गेले’ इथेच थांबले. मुलाने २०११ च्या पुढे तुटक रेघ ओढायची का म्हणून विचारले, तेव्हा उजवीकडची दोन बोटे जागा आम्ही तशीच कोरी ठेवली.