शंभर हा आकडा दोन वाटांनी येतो

"मॅडम, दहा टक्के काढणे तर सातवीतल्या मुलालाही येते. मग ऊर्जाप्रवाहाचे उत्तर तपासताना तुम्ही शेवटचा आकडा पाहून पुढे का जात नाही? प्रत्येक पायरी वाचत का बसता?"

शेवटचा आकडा मला अर्धीच हकिकत सांगतो, आणि एकदा त्याने माझी पूर्ण फसगत केली आहे, म्हणून. ती घटना सांगण्यापूर्वी जो प्रश्न मी नववीच्या वर्गाला अनेक वर्षे देत आले, तो समोर ठेवते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात शेतांचे धुरे पावसाळ्यात गवताने भरून जातात आणि त्या गवतात नाकतोडे, बेडूक आणि बेडकांच्या मागावर असलेली धामण मुलांनी स्वतः पाहिलेली असते. म्हणून प्रश्न असा होता: ‘धुऱ्याच्या एका पट्ट्यावरील गवतावर ठरावीक काळात १०,००,००० किलोज्यूल सौरऊर्जा पडते. गवत तिच्यापैकी १ टक्का ऊर्जा अन्नरूपाने साठवते. गवत, नाकतोडा, बेडूक, धामण या अन्नसाखळीत धामणीला किती ऊर्जा उपलब्ध होईल?’

अपेक्षित उत्तर सरळ आहे. दहा लाखांचा १ टक्का म्हणजे गवतात १०,००० किलोज्यूल साठले. त्यानंतर दहा टक्क्यांचा नियम, म्हणजे अन्नसाखळीतल्या खालच्या पातळीवरील ऊर्जेपैकी साधारण दहा टक्केच वरच्या पातळीच्या शरीरांत साठते हा नियम, तीन वेळा लावायचा. नाकतोड्यांच्या पातळीवर १,०००, बेडकांच्या पातळीवर १०० आणि धामणीच्या पातळीवर १० किलोज्यूल. नियम सूर्य आणि गवत यांच्यामध्ये लागू होत नाही. तो एका पोषण पातळीकडून पुढच्या पोषण पातळीकडे जाताना लागू होतो, आणि सूर्य ही पोषण पातळी नाही.

चुकीचा आकडा बहुतेक वेळा स्वतःची चूक स्वतःच सांगून टाकतो. शेवटी १ आला असेल, तर त्या मुलाने साखळीतली चार नावे मोजून चार वेळा दहाने भागले आहे, म्हणजे गवतात साठलेल्या ऊर्जेतून गवतालाच पुन्हा एकदा दहा टक्के दिले आहेत. ७,००० आला असेल, तर त्याने गवताच्या दहा हजारांचे दहा टक्के तीनदा वजा केले आहेत. प्रत्येक पातळीवर दहा टक्के कशाचे काढायचे ते बदलते, हे त्याच्या ध्यानात आलेले नाही.

मात्र ७,२९० हा आकडा दिसला की मी थांबते, कारण त्यात माझाही वाटा असण्याची शक्यता असते. दहा हजारांचे नऊ हजार, नऊ हजारांचे ८,१०० आणि त्याचे ७,२९०, असा हा हिशेब आहे. आकडेमोडीत एकही चूक नाही, प्रत्येक पातळीवर आधार बदलला पाहिजे हेही मुलाला कळले आहे. केवळ दहा आणि नव्वद यांची जागा उलटली आहे. एका वर्षी एका वर्गातील बऱ्याच मुलांच्या वह्यांत हा आकडा आला, तेव्हा मी त्यांना नियम तोंडी सांगायला लावला. सगळ्यांनी एकच वाक्य म्हटले: "प्रत्येक पातळीवर दहा टक्के ऊर्जा जाते." ते वाक्य माझेच होते. आपल्या बोलण्यात ‘गेले’ म्हणजे पुढे गेले असाही अर्थ होतो आणि हातचे गेले असाही. ज्या घरात कापसाचा भाव पडला की "पैसे गेले" असे बोलले जाते, तिथल्या मुलाने ‘दहा टक्के जाते’ याचा अर्थ ‘दहा टक्क्यांचे नुकसान होते आणि नव्वद टक्के उरते’ असा घेतला, तर त्यात त्याचा दोष फार थोडा आहे. तेव्हापासून मी ते क्रियापद वर्गात वापरत नाही. ‘खालच्या पातळीवरील ऊर्जेपैकी साधारण दहा टक्के वरच्या पातळीच्या शरीरांत साठते’, असे पूर्ण वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि वहीतही तसेच लिहायला सांगते.

आता शंभरबद्दल. प्रश्नात १ टक्का स्पष्ट दिलेला असूनही काही मुले पाठ केलेला नियम पहिल्या पायरीपासूनच लावतात. दहा लाखांचे गवतात एक लाख, नाकतोड्यांत दहा हजार, बेडकांत एक हजार आणि धामणीत शंभर. ही चूक इतकी नेहमीची होती की शेवटी १०० दिसले की मी वरचे न वाचता चूक ठरवू लागले होते. एका सहामाहीला एका मुलीच्या उत्तराला मी असाच शून्य दिला. उत्तरपत्रिका परत दिल्यावर ती माझ्याजवळ आली आणि तिने तिचे गणित बोटाने दाखवले. गवत १०,०००, नाकतोडा १,०००, बेडूक १००, आणि खाली एक ओळ: ‘धामण बेडूक खाते, म्हणून बेडकांत असलेली १०० किलोज्यूल ऊर्जा धामणीला उपलब्ध आहे.’

तिचे शास्त्र बरोबर होते. ‘उपलब्ध’ या शब्दाचा सरळ मराठी अर्थ तिने घेतला होता. ताटात वाढलेले अन्न जेवणाऱ्याला उपलब्ध असते. त्यातले अंगी किती लागते हा पुढचा प्रश्न. धामणीपुढे १०० किलोज्यूलचे बेडूक आहेत. त्यांतील सगळे तिला सापडत नाहीत, सापडलेल्यांतील सगळे पचत नाही आणि पचलेल्यातील बराच भाग तिच्या हालचालीत व श्वसनात खर्च होतो, तेव्हा कुठे १० किलोज्यूल तिच्या शरीरात साठते. मला विचारायचे होते ते या साठलेल्या ऊर्जेबद्दल, आणि मी लिहिला होता तो शब्द पुढे ठेवलेल्या अन्नाचा. एकाच शंभरापर्यंत एक मुलगा सूर्याला पोषण पातळी समजून पोहोचतो आणि दुसरी मुलगी नियम नेमका समजून पोहोचते. शेवटची ओळ पाहून या दोघांत भेद करता येत नाही. मी तिला पूर्ण गुण दिले आणि त्या दिवशी उरलेल्या सगळ्या उत्तरपत्रिकांतील शंभर पुन्हा काढून वाचले. तशी आणखी एक निघाली.

पायऱ्या वाचू लागले तसे आकड्यांखालचे स्पष्टीकरणही मी नीट वाचू लागले. ‘उरलेली ९० टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपाने नष्ट होते’, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक उत्तरपत्रिकेत असते आणि त्यात दोन चुका आहेत. ऊर्जा नष्ट होत नाही, तिचे रूपांतर होते, हे मुलांनी त्याच पुस्तकांत इतरत्र शिकलेले असते. दुसरी चूक अधिक खोल आहे: ती सगळी नव्वद टक्के त्याच पायरीवर उष्णता होते, असे नाही. हे समजावण्यासाठी मी वर्गात गोवरी नेते. गाईने चारा खाल्ला, त्यातला न पचलेला भाग शेणात आला, शेण थापून वाळवले आणि ते चुलीत पेटले. म्हणजे गवताने साठवलेली ऊर्जा त्या गोवरीत अजून शिल्लक होती. गाय ती वापरू शकली नाही, इतकेच. शेण रानातच पडून राहिले असते, तर शेणकिडे, बुरशी आणि जीवाणू यांनी ती ऊर्जा वापरली असती. नाकतोड्यांनी न खाल्लेले आणि उन्हाळ्यात वाळून गेलेले गवतही असेच विघटकांच्या वाट्याला जाते. तेव्हा नव्वदचे मोटामोटी तीन वाटे पडतात: न खाल्लेले, न पचलेले आणि श्वसनात उष्णता होऊन गेलेले. ज्या मुलाने हे तीन वाटे आपल्या शब्दांत लिहिले, त्याची आकडेमोड एखाद्या शून्याने चुकली तरी मी त्याला विषय समजला असे मानते.

गोवरी दाखवली की एक शंका हमखास येते आणि ती मला फार मोलाची वाटते. "मग आमची गाय दहा किलो चारा खाऊन दिवसाला एक किलो का वाढत नाही?" नियम एका जनावराच्या एका दिवसाच्या खुराकाला लावण्याची ही चूक उत्तरपत्रिकांतही दिसते. दहा टक्के हे प्रमाण एका संपूर्ण पातळीच्या ठरावीक काळातील ऊर्जेचे आहे. पूर्ण वाढलेली गाय वजनाने जवळपास स्थिर असते. तिने पचवलेली ऊर्जा मुख्यतः शरीर ऊबदार ठेवण्यात, चालण्यात आणि दूध देत असेल तर दुधात जाते. सस्तन प्राणी आणि पक्षी पचवलेल्या ऊर्जेचा फारच लहान भाग नव्या शरीरात घालतात, कारण शरीराचे तापमान टिकवण्याचा खर्च मोठा असतो. नाकतोडा, बेडूक आणि धामण यांना तो खर्च नाही. याच कारणाने मी प्रश्नात हेच प्राणी घेतले आहेत. काही मुले नियम डोक्यांच्या संख्येलाही लावतात, हजार नाकतोडे, शंभर बेडूक असा. त्यांना मी मोहाचे एकच झाड आणि त्यावरच्या असंख्य अळ्या मोजायला सांगते, म्हणजे पुढचे बोलावे लागत नाही.

दहा हा आकडाही निसर्गाने ठरवून दिलेला नाही. रेमंड लिंडमन यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग लेक या लहानशा तळ्याचा अभ्यास करून लिहिलेला जो शोधनिबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्राथमिक भक्षकांसाठी हे प्रमाण १३.३ टक्के आणि द्वितीयक भक्षकांसाठी २२.३ टक्के आले होते, तर सूर्यप्रकाशापैकी वनस्पतींनी बांधलेली ऊर्जा केवळ ०.१ टक्का होती. ज्यांच्या नावाने हा नियम शिकवला जातो, त्यांच्याच तळ्यात सूर्यापासूनची पहिली पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा किती वेगळी होती, हे या आकड्यांवरून दिसते. म्हणून आता मी प्रश्नातच ‘प्रत्येक पातळीवर १० टक्के धरा’ असे लिहिते, आणि एखाद्या वर्षी मुद्दाम १५ टक्के धरायला सांगते. तेव्हा पाठांतराने सोडवणारा मुलगा तरीही शून्येच कमी करत जातो आणि लगेच ओळखू येतो.

‘धामणीला किती ऊर्जा उपलब्ध होईल’ हे वाक्य मी बदलले आहे. आता ‘धामणीच्या शरीरात किती ऊर्जा साठेल’ असे विचारते, आणि त्याखाली ‘धामणीपुढे अन्न म्हणून किती ऊर्जा आहे’ असा वेगळा उपप्रश्न देते. पहिल्याचे उत्तर १०, दुसऱ्याचे १००. मागील परीक्षेत एका मुलाने दोन्ही उत्तरे बरोबर लिहिली होती, पण त्याची वरची ओळ ‘सूर्य १०,००,०००, गवत १,००,०००’ अशी होती. पुढे कुठेतरी शेजारच्या वहीकडे पाहून त्याने आकडे जुळवले असावेत. त्याला मी मधल्या सुट्टीत बोलावले आणि गवतापासून पुन्हा सोडवायला बसवले.