अण्णांचा फोन त्यांच्या भावाच्या चेहऱ्याने उघडतो: सर्व्हिस सेंटरचं ‘अपडेट मारा’ आणि खरं कारण

पंधरा हजारांच्या आसपासचा अँड्रॉइड फोन, मालक निफाडचे द्राक्ष बागायतदार, आमचे अण्णा. तक्रार एकच: धाकटे काका फोन हातात घेऊन नुसते बघतात आणि फोन उघडतो. दोघांच्या वयात दोन-तीन वर्षांचं अंतर, नाक-कपाळ एकाच साच्यातलं.

पिन टाकणं, बोट नोंदवणं, चेहरा नोंदवणं ही कामं चहा संपायच्या आत होतात, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. गाडी अडली ती नाशिकच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सर, अपडेट मारा, फेस परत टाका.” केलं. धाकट्या काकांना फोन तरीही उघडला. पुढचा सल्ला आला, “मग सॉफ्टवेअर टाकून घ्या, डेटा जाईल.” इथे मात्र डोकं फिरलं. कारण बिघाड नव्हताच, आणि नसलेला बिघाड काढण्यासाठी माणसाचे फोटो आणि व्हॉट्सॲप पुसायला निघाले होते.

या किमतीच्या फोनमध्ये चेहरा ओळखायला साधा सेल्फी कॅमेरा असतो. त्याला सपाट चित्र दिसतं: डोळ्यांमधलं अंतर, नाकाची ठेवण, जबड्याची रेषा. खोली मोजणारा भाग त्यात नसतो. आयफोनचा फेस आयडी चेहऱ्यावर तीस हजारांहून जास्त अदृश्य इन्फ्रारेड ठिपके टाकून उंचसखलपणा मोजतो, म्हणून फोटोला फसत नाही. पण जुळी भावंडं, सारखी दिसणारी भावंडं आणि तेरा वर्षांखालची मुलं यांच्या बाबतीत चुकण्याची शक्यता जास्त, हे ॲपल स्वतःच सांगतं. मग सेल्फी कॅमेऱ्याकडून काय अपेक्षा ठेवायची? ‘पन्नास हजारांत एक चूक’ हा आकडा लोक तोंडावर फेकतात, पण तो कुठल्याही अनोळखी माणसासाठी असतो, सख्ख्या भावासाठी नाही.

गूगलने अँड्रॉइडसाठी अशा ओळखींचे तीन वर्ग केलेत. नकली चेहरा किंवा बोट दाखवून पाहायचं आणि किती वेळा फसते ते मोजायचं. शंभरात सातपर्यंत फसली तर क्लास ३, वीसपर्यंत क्लास २, त्याच्या वर क्लास १. स्वस्त फोनचा चेहरा बहुतेक वेळा क्लास १ मध्ये बसतो, आणि त्याच फोनच्या बाजूच्या बटणावरचं बोट सहसा क्लास ३ मध्ये. एकाच फोनला एक दार लोखंडी आणि एक प्लायवूडचं असावं, तसं. हे खोक्यावर छापत नाहीत. चेहरा नोंदवताना बारीक अक्षरात ‘तुमच्यासारखा दिसणारा माणूस फोन उघडू शकतो’ असं येतं आणि आपण ‘पुढे’ दाबून मोकळे होतो.

आपला फोन कुठल्या वर्गातला, हे घरीच कळतं. रात्री चेहरा आणि बोट दोन्ही चालू ठेवून झोपा, आणि मध्ये चार तास तरी फोन उघडू नका. सकाळी आधी चेहरा दाखवा. फोनने पिन मागितला तर तो टाकू नका, त्याच क्षणी बोट लावा. बोटाने उघडला, तर चेहरा कच्चा, म्हणजे क्लास १ किंवा २, आणि बोट पक्कं, म्हणजे क्लास ३. कच्च्या ओळखीला चार तास फोन पडून राहिला की पिन मागायची सक्ती असते, आणि तसंही चोवीस तासांतून एकदा पिन लागतोच. पक्क्या ओळखीला ही मुदत बहात्तर तासांची. अण्णांचं ‘सकाळी सकाळी फोन रुसतो’ हे गाऱ्हाणंही याचंच, आणि त्यावरही काउंटरवरचं उत्तर ‘अपडेट’च होतं!

दुसरी खूण बँकेच्या ॲपमध्ये. क्लास १ चा चेहरा ॲपना वापरताच येत नाही. लॉगिनला फक्त बोटाचा पर्याय येत असेल तर अर्थ उघड आहे. एखादी बँक मुद्दाम चेहरा घेत नाही, म्हणून दोन-तीन ॲप तपासा. उलट बाजूही सांगतो: पिक्सेल ८ पासून पुढे गूगलने साध्या सेल्फी कॅमेऱ्यावरच क्लास ३ चा चेहरा दिला आहे, त्यामुळे नुसता कॅमेरा बघून निकाल देऊ नका.

आयफोनवाल्या भावंडांनी आणखी एक लक्षात ठेवावं. चेहरा थोडक्यात हुकला आणि लगेच पासकोड टाकला, की फेस आयडी तो चेहरा शिकून घेतो. म्हणजे सारख्या दिसणाऱ्या भावाला पासकोड माहीत असेल तर कालांतराने तो चेहऱ्यानेच आत येऊ शकतो.

तर अण्णांचा चेहरा काढून टाकला. उरलं बोट, आणि तिथे बागायतदाराची अडचण वेगळी. छाटणी, बांधणी, कातर यांनी अंगठा आणि तर्जनीच्या रेषा झिजतात, थंडीत कातडी कोरडी पडून बटणाला नीट टेकत नाही. म्हणून कमी काम करणाऱ्या हाताचं मधलं बोट घेतलं. बाजूचं बटण अरुंद असतं, त्याला बोटाची पट्टीच दिसते. त्यामुळे तेच बोट दोनदा नोंदवायचं: एकदा सकाळी हात धुऊन पूर्ण कोरडे करून, एकदा संध्याकाळी बागेतून आल्यावर. दर वेळी बोट थोडं वर, थोडं खाली, थोडं तिरकं. हे केल्यावर पिनवर जायची वेळ क्वचित येते.

बोटाचा दोषही सांगायला हवा. झोपलेल्या माणसाचं बोट कुणीही उचलून टेकवू शकतं, धरून जबरदस्तीने लावू शकतं. चेहऱ्याला निदान ‘डोळे उघडे हवेत’ अशी अट घालता येते. बोटाला तसली अट नाही. जबरदस्तीसमोर टिकतो तो पिनच, कारण तो डोक्यात असतो. तोही सहा आकडी, जन्मसाल आणि गाडीचा नंबर सोडून. चार आकड्यांचे दहा हजार प्रकार, सहाचे दहा लाख. पण नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीत मागच्याने बघितला तर हे सगळं गणित फुकट, म्हणून बाहेर बोट आणि घरी पिन हीच वाटणी मला पटते.

धोका जाणवला तर बोट-चेहरा तात्पुरते बंद करता येतात. अँड्रॉइडमध्ये पॉवर मेनूतलं `Lockdown` दाबा, सॅमसंगमध्ये आधी `Secure lock settings` मध्ये जाऊन `Show Lockdown option` चालू करावं लागतं. त्यानंतर पिनशिवाय फोन उघडत नाही, लॉक स्क्रीनवरचे मेसेजही लपतात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हे बटणच नसतं. तिथे फोन रीस्टार्ट करा, पहिल्यांदा पिनच लागतो. आयफोनला बाजूचं बटण आणि आवाजाचं एक बटण स्लायडर येईपर्यंत धरून ठेवा, तेवढ्याने काम होतं.

राहिलंच: बोट ओळखणारा भाग स्क्रीनखाली असेल तर टेम्पर्ड ग्लास बदलल्यावर जुनी बोटं पुसून नव्याने नोंदवा. २०१९ मध्ये सॅमसंगच्या एस१० वर काही सिलिकॉन कव्हर स्क्रीनवर आलं, की कुणाचंही बोट चालत होतं, नंतर कंपनीने दुरुस्ती पाठवली. आणि नोंदवलेल्या बोटांची यादी उघडून मोजा. बऱ्याच फोनमध्ये तिथे बोट टेकवलं की त्याचं नाव उजळतं. अण्णांच्या यादीत नातवाचा अंगठा निघाला, गेमसाठी घातलेला.