तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोखाली एक अक्षर नसतं तेव्हा

"ताई, कुणी अपघाताचा नुसता फोटो पाठवला, खाली एक अक्षर नाही. पहिलं उत्तर काय द्यायचं?"

मी एवढंच लिहिते: ‘फोटो बघितला. तू कशी आहेस? मी फोन करतेय.’ फोटोत काय दिसतंय याबद्दल त्यात एक शब्द नसतो. पाठवणारा घटनास्थळी उभा असो, घरी बसलेला असो किंवा स्वतःच जखमी असो, हे उत्तर चुकत नाही. त्याला काय हवंय ते मला अजून ठाऊक नसतं, म्हणून चुकणार नाही असंच वाक्य आधी जायला हवं.

मी ठाण्यात बरीच वर्षं कॅज्युअल्टीत नर्स होते. आता सोसायट्यांमध्ये प्रथमोपचाराचे वर्ग घेते, त्यामुळे असे फोटो माझ्याकडे येतात. पूर्वी मी थेट कामाला लागायचे. ऐरोलीच्या वर्गातल्या एका मुलाने रात्री उलटलेल्या बाइकचा फोटो पाठवला. मी लगेच सात-आठ ओळी लिहिल्या: रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा, उचलून बघू नका, श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका, पाणी पाजू नका. त्याचं उत्तर आलं, ‘ओके. थँक यू.’ चार दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला की पोरगा जेवत नाही, झोपत नाही. फोटो आदल्या दिवशीचा होता. कॉलेजातून येताना तो त्या गर्दीत उभा होता आणि त्याने काहीच केलं नव्हतं. माझ्या ओळी बरोबर होत्या, पण त्याने त्या कशा वाचल्या असतील? आपण काय काय केलं नाही याची यादी म्हणून. ते मला आजही टोचतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, जुलैतल्या एका रात्री पाऊस कोसळत असताना, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून फोटो आला. आडवी पडलेली स्कूटर, थोड्या अंतरावर हेल्मेट, आणि ओल्या रस्त्यावर पसरलेला लाल रंग. वर ‘फॉरवर्डेड’ असं लिहिलेलं. इथेच खूप जण फसतात. फॉरवर्ड आहे म्हणजे कुठूनतरी फिरत आलंय असं समजून फोन बाजूला ठेवतात. पण एकच बाण असेल तर त्याचा अर्थ इतकाच की ती गोष्ट दुसऱ्या संभाषणातून पुढे आलीय. दोन बाण असले तरच ती बऱ्याच हातांतून आलेली असते. इथे एक होता.

शिवाय मी फोटो उघडल्यावर तिकडे निळ्या टिका दिसल्या असणार. त्या दिसल्यावर समोरचा माणूस वाट बघत बसतो. त्या वेळी ‘बापरे!’ किंवा ‘कोण? कुठे? कधी?’ गेलं, तर आपला धक्काही त्यालाच सावरावा लागतो. एका ग्रुपवर अशाच फोटोखाली कुणीतरी घाईघाईने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलेलं मी पाहिलंय. ज्याच्या गाडीचा तो फोटो होता तो माणूस जिवंत होता, आणि त्याची बहीण त्याच ग्रुपवर होती.

मी माझी तीन वाक्यं पाठवली आणि फोन लावला. तिने उचलला, पण बोलेना. मी विचारलं, "तू आत्ता तिथे आहेस का?" हा माझा ठरलेला पहिला प्रश्न, कारण त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकंच उत्तर पुरतं. हात थरथरत असताना माणूस टाइप करू शकत नाही, पण एक शब्द उच्चारू शकतो. ‘हो’ आलं असतं तर मी तिला रहदारीपासून बाजूला व्हायला आणि 112 किंवा 108 लावायला सांगितलं असतं, आणि त्या सात-आठ ओळींना तेव्हा अर्थ असता. ती म्हणाली, "नाही. घरी." मग मी विचारलं, "एकटी आहेस?" "हो." मी गप्प राहिले. ही शांतता आपण बोलून भरली की समोरच्याचा प्रश्न आतच राहतो.

मग ती म्हणाली, "ताई, गाडी ह्यांचीच आहे का? मला बघवत नाही."

तिला एवढंच हवं होतं. नवरा घोडबंदर रोडने घरी येत होता. त्याला उशीर झाला म्हणून ती फोन लावत राहिली. शेवटी एका अनोळखी माणसाने तो उचलला, तिचा नंबर मागून घेतला, आणि पावसात आवाज तुटला. मागोमाग त्याच्याकडून हा फोटो आला, त्यानेही काही न लिहिता. तिने तो मोठा करून न बघताच मला पाठवला. तिच्या जागी मीच बघावं, म्हणून. नुसता फोटो निरखून मला हे कधीच कळलं नसतं.

मी तिला नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे विचारले आणि ताडून पाहिले. जुळले. "गाडी त्यांचीच आहे," मी सांगितलं. इथे खोटं बोलायचं नाही, पण फोटोत नाही तेही सांगायचं नाही. रस्त्यावर कुणी पडलेलं दिसत नव्हतं, ते मी सांगितलं. रक्त किती गेलं हे फोटोवरून ठरत नाही, हेही सांगितलं, कारण ओल्या डांबरावर थोडंसं रक्तसुद्धा पाण्यासोबत हातभर पसरतं. ‘काही होणार नाही’ हे वाक्य ओठांवर आलं होतं, ते गिळलं. तिला म्हटलं, "शेजारच्या काकूंना बोलाव, दार उघडं ठेव. त्या माणसाशी मी बोलते."

त्याला मी तीनच गोष्टी विचारल्या: ते शुद्धीत आहेत का, कुठे नेलं, सोबत कोण आहे. तो अडखळत होता. पोलीस मलाच पकडतील, मॅडम, म्हणाला. मी त्याला सांगितलं की मोटार वाहन कायद्यात 2019 साली 134अ हे कलम आलंय. मदत करणाऱ्यावर त्यामुळे खटला येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. त्यावर तो मोकळा झाला. स्कूटरवाल्याला त्यानेच रिक्षात घालून पाठवलं होतं, तोपर्यंत ते बोलत होते, आणि गाडी कुठे आहे ते घरच्यांना कळावं म्हणून फोटो काढला होता. रुग्णालयाचं नाव कळल्यावर मी तिला पुन्हा फोन केला, तेव्हा काकू आलेल्या होत्या.

मांडीचं हाड मोडलं होतं. रॉड घातला. दिवाळीत ते काठी टेकत जिना उतरले.

इन्शुरन्सच्या कामाला फोटो लागेल असं तिचा दीर म्हणाला, तेव्हा मी तो त्याच्याकडे पाठवला आणि तिला विचारून माझ्या फोनमधून पुसला, गॅलरीत आपोआप उतरलेली प्रतसुद्धा. तिने मात्र तो अजून उघडलेला नाही.