‘मॅगी ८४’ लिहिलेली कॅसेट

तारीख माहीत नाही म्हणून वर्तमानपत्र चाळायचं, तर वर्तमानपत्र मागायला तारीख लागते! ग्रंथालयातला तो अर्ज आठवला की अजून डोकं तडकतं.

आमच्या मामांकडे व्हिडिओ कॅसेटचा खोकाभर साठा होता. त्याची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मामांनी लेबलांवर मालिकेऐवजी प्रायोजकाचं नाव लिहिलं होतं. ‘विको’ म्हणजे ‘ये जो है जिंदगी’, हे घरातल्या कुणीही झोपेत सांगितलं असतं. ‘अमूल’ म्हणजे ‘सुरभि’, तेही सोपं. उरली ‘मॅगी ८४’. तिच्या रिळावर पांढरी बुरशी चढली होती. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली की हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. म्हणून हातात होतं ते फक्त लेबल.

अंदाज होताच. जुलै १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘हम लोग’ची प्रायोजक मॅगीवाली कंपनी होती, आणि मॅगी तेव्हा बाजारात नवीनच होती. पण अंदाज यादीत लिहायचा नव्हता. त्या काळी प्रायोजकाने दूरदर्शनला शुल्क भरलं की कार्यक्रमाबरोबर ठराविक सेकंदांच्या जाहिराती मिळत. त्यामुळे बघणाऱ्याच्या मनात जाहिरात आणि मालिका एकमेकांना चिकटून बसत. गोची अशी की मागच्या किंवा पुढच्या कार्यक्रमाची जाहिरातही तशीच चिकटते. मामांनी नक्की काय पाहून ‘मॅगी’ लिहिलं, हे लेबलावरून कसं कळणार?

म्हणून जुन्या वर्तमानपत्रांतल्या कार्यक्रमांच्या चौकटीत प्रायोजकाचं नाव सापडतं का, ते बघायला ग्रंथालयात गेलो. जुनी वर्तमानपत्रं मागायच्या अर्जात ‘अंकाची तारीख’ हा रकाना सक्तीचा. मी ‘१९८४, दुसरं सहामाही’ असं लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज परत सरकवला.

“तारीख लिहा.”

“तीच शोधायला आलोय.”

“मग तारीख शोधून या.”

यावर काय बोलणार? साहेबांची सही आणा म्हणाल्या, तर साहेब रजेवर. पुढच्या खेपेला साहेब भेटले. त्यांनी अर्ज वाचला आणि तारीख विचारली! मी तिथल्या बाकावर बसून मनातल्या मनात किती लोकांचा उद्धार केला, ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी अंकांचे गठ्ठे उचलणाऱ्या शिपाईकाकांनी हळूच सांगितलं, “अहो, सगळा महिना एकत्र बांधलेला असतो. कुठलीही एक तारीख टाका, अख्खं बाड येतं.” मी ‘७ जुलै १९८४’ टाकली, कारण ‘हम लोग’ त्या दिवशी सुरू झाली. बाड पाच मिनिटांत समोर आलं. तेव्हा अशा रकान्यात माहीत असलेली जवळची कुठलीही तारीख बेधडक लिहा.

आणि एवढं करून? मी पाहिलेल्या दिवसांच्या कार्यक्रमांच्या चौकटीत मालिकेचं नाव आणि वेळ होती, प्रायोजकाचा पत्ताच नाही.

आणखी एक आत्ता आठवलं. जुन्या कागदांत ‘नेस्ले’ शोधू नका. इथल्या कंपनीचं नाव तेव्हा ‘फूड स्पेशालिटीज’ होतं. ब्रँड एक, कंपनी दुसरी, आणि कार्यक्रमाआधी पडद्यावर येणाऱ्या पाटीवर दोन्हींपैकी काहीही असू शकतं. बिनाका गीतमालेची पुढे सिबाका गीतमाला झाली, तसं प्रायोजकाचं नावही बदलतं. त्याचा फायदा असा की नावावरून काळ ठरवता येतो.

शेवटी कॅसेट दुरुस्तीवाल्याकडे दिली. त्याने रीळ हाताने पुसून नव्या खोक्यात बसवलं आणि चित्र आलं. मॅगीची जाहिरात मात्र कुठेच नव्हती. जिथे असायला हवी तिथे चित्र एकदम उडी मारतं. जाहिरात लागली की मामा पॉज दाबत असणार. म्हणजे लेबलावर जिचं नाव, तीच टेपवरून गायब! एका दृश्यात मागे फळीवर डबे दिसतात, पण त्यावर भिस्त ठेवू नये. सेटवरचा डबा प्रायोजकाचाच असेल असं नाही. पुरावा म्हणजे ‘प्रायोजक’ लिहिलेली पाटी, आणि पुनःप्रसारणात तीच आधी कापली जाते. अमेरिकेत ‘आय लव्ह लुसी’ सिगारेट कंपनीच्या पैशावर सुरू झाली, तर पुढे तिच्या सुरुवातीची सिगारेटवाली चित्रं काढून तिथे हृदयाचं चित्र घातलं.

माझं काम झालं ते भागाच्या शेवटामुळे. अशोक कुमार समोर येऊन बोलतात आणि निरोप घेताना ‘हम लोग’ हे शब्द भारतातल्या एका वेगळ्याच भाषेत म्हणतात. ही त्या मालिकेची ठरलेली सही होती, दुसऱ्या कुणाची नाही.

यादीत मी तीन रकाने केले: लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा, मालिकेचं नाव, आणि नाव कशावरून ठरवलं ते. ‘अमूल’ची कॅसेट कोणत्या वर्षाची, तो रकाना अजून कोराच आहे. ‘सुरभि’ बरीच वर्षं चालली, नुसत्या प्रायोजकावरून वर्ष लागत नाही.