9000 क्रमांकाचा ब्लॉक

"सर, लिंक्ड अलोकेशनमध्ये एक्स्टर्नल फ्रॅग्मेंटेशन होत नाही, सिक्वेन्शियल वाचनही नीट होतं. मग इंडेक्स्डची भानगड कशाला?"

इंदूरमध्ये ऑपरेटिंग सिस्टीमच्या शिकवण्या घेतो. डिस्कवर फाइलचे ब्लॉक कसे मांडायचे हा धडा आला की दर सेमिस्टरला, कधी पेपरच्या आदल्या रात्री फोनवरसुद्धा, हेच ऐकतो. त्यातलं 'नीट होतं' मला झोंबतं, कारण त्यावरूनच तोंडी परीक्षेत माझे मार्क गेले होते.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 40 एमबीची फाइल दिली. ब्लॉक 4 केबीचा, म्हणजे 10,240 ब्लॉक. "यातला 9000 क्रमांकाचा ब्लॉक वाचा." कंटिग्युअसमध्ये सगळे ब्लॉक सलग असतात, म्हणून सुरुवातीच्या पत्त्यात 9000 मिळवायचे, एकच वाचन. लिंक्डमध्ये पुढचा पत्ता आधीच्या ब्लॉकमध्येच असतो, म्हणून शून्यापासून मोजत 9001 वाचनं. प्रत्येकी 10 मिलिसेकंद धरले तर दीड मिनिट. इथवर ते खूश होते.

मग विचारलं, "आणि अख्खी फाइल ओळीनं वाचायची असेल तर?" मी म्हटलं, ब्लॉक डिस्कभर विखुरलेले असले तर लिंक्ड तिथंही मार खातं. वाचनं दोन्हीकडे 10,240च, पण प्रत्येक ब्लॉकला डिस्कचं वाचणारं हेड हललं तर शंभराहून जास्त सेकंद जातात. शंभर एमबी सेकंदाला देणारी डिस्क सलग फाइल अर्ध्या सेकंदात संपवते. ते म्हणाले, "पुस्तकात लिंक्ड सिक्वेन्शियलसाठी सांगितलंय." मी हटलो नाही. त्यांनी वही मिटली.

तेव्हा वाटायचं, चूक सरळ त्यांची होती. आता तितकं छातीठोक सांगत नाही. ते वाचनं मोजत होते, मी हेडची धावपळ. एसएसडीला हेडच नाही, तिथं त्यांचा हिशोब जड व्हायला हवा. पण होत नाही! एसएसडीचा वेग येतो तो अनेक ब्लॉक एकदम मागण्यातून. लिंक्डमध्ये हातातला ब्लॉक येईपर्यंत पुढचा कुठे आहे तेच ठाऊक नसतं, मग मागणार काय? फॅट या फाइल सिस्टीमनं हे दुवे ब्लॉकमधून काढून वेगळ्या तक्त्यात ठेवले, म्हणून तो निभावला. तक्ता मेमरीत असला तर 9000 उड्या तिथंच होतात आणि डिस्कवर वाचन एकच.

आता इंडेक्स्ड, म्हणजे फाइलच्या ब्लॉकचे पत्ते एकत्र मांडून ठेवणं. लिनक्सच्या ईएक्सटी2 फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलची नोंद आयनोडमध्ये असते, त्यात 12 थेट पत्ते असतात. 4 केबीच्या इंडेक्स ब्लॉकमध्ये आणखी 1024 मावतात. आपला 9000 त्यापलीकडे, दुहेरी इनडायरेक्टमध्ये पडतो, म्हणजे एक इंडेक्स ब्लॉक दुसऱ्या इंडेक्स ब्लॉकचा पत्ता देतो. आयनोड मेमरीत असेल तर दोन इंडेक्स ब्लॉक आणि एक डेटाचा, अशी तीन वाचनं. पत्ते आधीच कळल्यानं पुढचे ब्लॉक एकदम मागवताही येतात. विखुरलेपणा मात्र इंडेक्स्डनंही जात नाही. जुन्या हार्ड डिस्कवर हेड तितकंच पळतं.

म्हणून कंटिग्युअसला नावं ठेवू नका. खोट आहेच: त्यात 10,240 मोकळे ब्लॉक सलगच लागतात, तुकड्यातुकड्यात 20,000 असून उपयोग नाही, हेच ते एक्स्टर्नल फ्रॅग्मेंटेशन, आणि फाइल वाढली की पंचाईत. पण सीडीवरच्या आयएसओ 9660मध्ये फाइल वाढतच नाही, तिथं सलग मांडणीच बरी. परीक्षकांनी तेवढं तरी विचारायला हवं होतं.