फोटोतल्या पोस्टरचं अरबी भाषांतर: ‘पद्धती’च्या रकान्यात गेलेले तीन दिवस

मूळ फाइल हरवली आहे, आता हा एवढा फोटोच उरलाय, असं संशोधक बाईंनी कळवलं तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. विषय सरळ होता. गुडघ्याचं सांधेरोपण झालेल्या रुग्णांच्या दोन गटांना वेगवेगळे व्यायाम दिले आणि दुखणं किती कमी झालं ते मोजलं. इंग्रजी पोस्टर होतं, त्याची अरबी आवृत्ती हवी होती. फोटो जरा तिरका काढलेला आणि त्यावर दिव्याचा पांढरा डाग. तो नेमका ‘पद्धती’च्या रकान्यावर.

अशा वेळी मी फोटोकडे बघत बघत भाषांतर करत नाही. आधी फोटो सरळ करून सगळा इंग्रजी मजकूर हाताने टाइप करते आणि जिथे शंका असेल ते अक्षर पिवळं करते. डोळा वाक्याच्या ओघात चुकीचा आकडासुद्धा ‘वाचून’ टाकतो. टाइप करताना मात्र थांबावंच लागतं. इथे पिवळं झालं ते नमुना किती मोठा घ्यायचा याच्या गणितातलं एक वाक्य. अल्फा, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची धरलेली शक्यता, 0.05; पॉवर, म्हणजे खरा फरक सापडण्याची शक्यता, 80 टक्के; एकूण रुग्ण 128 हे दिसत होतं. पण d च्या पुढे 0.5 आहे की 0.6, ते डागाने खाल्लं होतं. d म्हणजे दोन गटांतला अपेक्षित फरक, प्रमाण विचलनाच्या पटीत मोजलेला.

दोन गटांच्या सरासरींची तुलना असेल आणि पॉवर 80 टक्के, अल्फा 0.05 असेल, तर त्यासाठी एक ढोबळ सूत्र आहे. प्रत्येक गटात किती माणसं लागतील ते त्यातून निघतं:

```
n = 16 / d^2
16 / 0.25 = 64
16 / 0.36 = 44.4
```

64 दुणे 128. म्हणजे 0.5. तरीही मी तो आकडा आपल्या मनाने घातला नाही. बाईंना विचारलं आणि त्यांनी होकार दिल्यावरच पिवळा रंग काढला. गणिताने प्रश्न नेमका विचारता येतो, एवढाच त्याचा उपयोग. उत्तर लेखकाकडूनच यायला हवं.

मग कीवर्ड्स. ही ओळ मी सगळ्यात सोपी समजत होते आणि तिथेच पहिली चूक केली. फोटोत मला पाच कीवर्ड्स दिसले: सांध्याची पुनर्रचना, रोपण, गुडघा, व्यायामोपचार, वेदनामापन. पाचांची पाच अरबी नावं लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी शंका आली, की नुसता ‘गुडघा’ कोण कशाला कीवर्ड म्हणून देईल? फोटो मोठा करून पाहिला तर काही स्वल्पविरामांच्या डोक्यावर अंधुक ठिपका होता. ते अर्धविराम होते. खरी ओळ अशी होती:

```
Arthroplasty, Replacement, Knee; Exercise Therapy; Pain Measurement
```

म्हणजे कीवर्ड तीनच. वैद्यकीय ग्रंथसूचीसाठी MeSH ही ठरीव शब्दांची यादी वापरतात. तिच्यात काही नावं अशी उलटी लिहिलेली असतात, मुख्य शब्द आधी आणि विशेषणं स्वल्पविराम देऊन मागे. अरबीत ते उलटं ठेवण्यात अर्थ नाही, तिथे सरळ ‘इस्तिब्दाल मफ्सिल अर-रुक्बा’, गुडघ्याच्या सांध्याची बदली. मात्र इंग्रजी ओळ मी पुसली नाही. ती अरबी ओळीखाली तशीच ठेवली, कारण शोधणारा बहुतेक वेळा इंग्रजीतूनच शोधतो. कीवर्डमध्ये जो अरबी शब्द घेतला तोच शीर्षकात आणि मजकुरात ठेवायचा, हेही तेव्हाच ठरवलं.

संक्षेपांत HR ने दमवलं. इंग्रजीत ‘व्यायामाआधी आणि नंतर HR नोंदवला’ असं एक वाक्य आणि चार ओळींनंतर ‘कॉक्स प्रतिगमनातून HR काढला’ असं दुसरं. पहिला हृदयगतीचा, दुसरा हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर. कॉक्सचं नाव शेजारी होतं म्हणून कळलं, नाहीतर दोन्हीकडे ‘मुअद्दल दरबात अल-कल्ब’ लिहून बसले असते. अरबीत इंग्रजीसारखे आद्याक्षरांचे संक्षेप फारसे रुळलेले नाहीत आणि मोठी-छोटी अक्षरंही नाहीत, त्यामुळे अरबी संक्षेप घडवायच्या फंदात मी पडत नाही. हृदयगती पूर्ण अरबीत लिहिली आणि HR हा संक्षेप फक्त ‘निस्बत अल-मखातिर’साठी, म्हणजे हॅझर्ड रेशोसाठी राखला. तळाशी संक्षेपांची एक बारीक ओळ टाकली.

सांख्यिकीचे शब्द कोशात मिळतात, पण एकाच धातूतून आलेले शब्द फसवतात. ‘मुतवस्सित’ म्हणजे मध्य, ‘वसीत’ म्हणजे मध्यक. शाळेत मध्य आणि मध्यक यांत घोटाळा झालेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ‘रँडम’चं मात्र मीच चुकवलं. मी ‘अश्वाई’ लिहिलं. तसं ते चालतं, पुष्कळ जण तेच लिहितात. पण माझा मसुदा तपासणारे अरबीभाषक सांख्यिकीतज्ज्ञ म्हणाले, “बाई, बोलण्यात आम्ही ‘अश्वाई’ कशाला म्हणतो माहीत आहे ना? जे काही नियमाशिवाय, वाटेल तसं केलंय त्याला.” इजिप्तमध्ये अनियोजित वस्त्यांना ‘अश्वाइय्यात’ म्हणतात, ते याच शब्दावरून. रुग्णांची वाटणी तर इथे काटेकोर चिठ्ठ्या टाकून केलेली. त्यांनी सुचवलेला ‘मुअश्शात’ हा शब्द अरबी वैद्यकीय परिभाषेत आहे. त्याचा अर्थ, मुद्दाम यादृच्छिक केलेली. तोच घेतला.

सगळ्यात वेळ खाल्ला तो वयाच्या आकड्याने: 54.3 ± 8.1. अरबी परिच्छेदात हे टाइप केलं की पडद्यावर डावीकडे 8.1 आणि उजवीकडे 54.3 दिसतं. संगणक चुकत नसतो. अरबी अक्षरांनंतर आलेले आकडे, मध्ये ± असलं की, उजवीकडून डावीकडे मांडायचे हा युनिकोडचा नियमच आहे. पण सूत्रं डावीकडून वाचायची सवय असलेल्याला सरासरी 8.1 वाटू शकते. मी घाबरून आकड्यांची अदलाबदल केली, आणि मजकूर दुसरीकडे चिकटवल्यावर ते पुन्हा उलटे झाले. उणे चिन्हाचंही तसंच, -0.4 मधली रेघ आकड्याच्या उजवीकडे जाऊन बसते. शेवटी अदलाबदल रद्द केली आणि अशा प्रत्येक सूत्राच्या आधी U+2066 व नंतर U+2069 ही अदृश्य चिन्हं घातली. ती आतला तुकडा डावीकडून उजवीकडे बांधून ठेवतात. आकडे इंग्रजीच ठेवले. अरब जगाच्या पूर्व भागात चालणाऱ्या अंकांत शून्य हा नुसता ठिपका असतो आणि पाच गोल, छोट्या अक्षरात छापल्यावर 0.05 ची वाट लागते.

छपाईची पीडीएफ आल्यावर मी फक्त आकडे वाचले, एकेक, फोटोशेजारी धरून. तेव्हा लक्षात आलं की ± नंतरचा 8.1 हा प्रमाण विचलनाचा की प्रमाण त्रुटीचा, हे मूळ पोस्टरवर कुठेच लिहिलेलं नाही. 64 जणांच्या गटात प्रमाण त्रुटी 8.1 असेल तर विचलन त्याच्या 64 च्या वर्गमुळाइतकं, आठपट, म्हणजे जवळजवळ 65 वर्षं, जे वयात शक्यच नाही. तरी बाईंना विचारलं. “अय्या, ते SD लिहायचं राहिलंच की,” असं त्यांचं उत्तर आलं. अरबी पोस्टरवर ‘अल-इन्हिराफ अल-मिअयारी’, म्हणजे प्रमाण विचलन, हे शब्द आहेत. इंग्रजी पोस्टरच्या त्या फोटोत आजही नाहीत.